मदत हवी आहे: मराठीत कळतं, इंग्रजीत अडतं

भाची सातवीपर्यंत मराठी माध्यमात होती. यंदा भांडुपच्या इंग्रजी शाळेत आठवीत गेली. मराठी उतारा वाचून सारांश सांगते, अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावते. इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिते आणि शेवटी परिच्छेद कशाबद्दल होता तेच सांगता येत नाही. मी मोठ्याने वाचून दाखवला तरी तेच, म्हणजे अडचण नुसती अक्षरवाचनाची नसावी.

प्रकाशसंश्लेषणाचा धडा आधी मराठीत वाचला, मग इंग्रजीत. तेव्हा अंदाज बांधत छान पुढे गेली. इतिहासात विषयच नवा, शिवाय लांबलचक वाक्यांत ‘इट’, ‘व्हिच’ कोणाबद्दल आहे तिथे गाडी अडते.

सारांश सध्या मराठीतच सांगू द्यावा का? आणि मराठीचा आधार कधी, कसा कमी करावा? शिक्षकमंडळी, सांगाल का?