ट्रायपॉडच्या पायांखालची फरशी: लोगो चिकटवायचा की जमीन पुन्हा घालायची?

होमस्टे_३६० (ज्यावरून हा धागा निघाला ती पोस्ट)
पॅनोरमाचा तळ कोणी बघत नाही. गोल लोगो चिकटवा आणि मोकळे व्हा. फरशी पुन्हा भरत बसणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने केलेली हौस.

चिरेबंदी
लोगोला माझी हरकत नाही, "कोणी बघत नाही"ला आहे. आधी हिशेब करा. कॅमेरा दीड मीटर उंचीवर आहे आणि ट्रायपॉडचे पाय मध्यापासून अर्धा मीटर पसरले आहेत. सरळ खालच्या बिंदूपासून सगळीकडे साधारण १८ अंशांपर्यंत पायच पाय. काठाला थोडी जागा ठेवून २० अंशांचा लोगो लावलात तर जमिनीवर एक मीटरहून मोठी तबकडी झाली. सासष्टीतल्या जुन्या घराच्या नक्षीदार सिमेंट टाइल्सच्या दिवाणखान्यात मधोमध एवढा शिक्का मारायचा? पर्यटक ती फरशी बघायलाच तर मान खाली घालतो.

आता त्याच दिवाणखान्यात काय करायचं ते सांगतो. सगळी फेरी मॅन्युअल एक्स्पोजर आणि एकाच व्हाइट बॅलन्सवर काढा. मग ट्रायपॉड उचलून बाजूला ठेवा, त्याच्या जागेपासून साधारण ६० सेंटिमीटर मागे उभे राहा, वाका आणि हात लांब करून, आधीच्याच उंचीवरून खाली एक फोटो घ्या. बुटांची टोकं पाय होते त्या वर्तुळात येऊ देऊ नका. वर्तुळाच्या सगळ्या बाजूंना मोकळी फरशी मिळायला हवी, कारण जोड तिथेच बसणार आहे.

पीटीगुईत आधी हा फोटो न घेता पॅनोरमा जुळवून, समतल करून घ्या. नंतर तो जोडा, त्या एकाच फोटोला Viewpoint ची खूण करा आणि कंट्रोल पॉइंट फक्त फरशीवर द्या. गणिताला चार पुरतात, पण मी वर्तुळाभोवती दहा-बारा तरी देतो. लेन्सची मूल्यं कुलूपबंद ठेवा, नाहीतर एका वाकड्या फोटोपायी अख्खा पॅनोरमा बिघडतो. शेवटी मास्कने फेरीतले ट्रायपॉडचे पाय आणि या फोटोतले आपले बूट खोडा. ज्या पॉइंटचं अंतर पाच पिक्सेलच्या वर दिसतं, तो बहुतेक वेळा खुर्चीच्या पायावर नाहीतर उंबऱ्यावर पडलेला असतो. तो काढून टाका.

डिचोलीकर
बाब, एवढा खटाटोप कशाला? नक्षी तर दर चार टाइल्सनी परत येते. बाजूच्या टाइल्स क्लोन करा, पाच मिनिटांचं काम. फरशीला काय ओळखपत्र असतं?

चिरेबंदी
पाच मिनिटांचं खरं, पण कुठे क्लोन करता? १२,००० × ६,००० च्या सपाट पॅनोरमात खालची पट्टी अशी ताणलेली असते की सगळ्यात खालची अख्खी ओळ म्हणजे जमिनीवरचा एकच बिंदू. तिथे ब्रश फिरवलात की व्ह्यूअरमध्ये भोवरा दिसतो. आधी तळाचा चौकोन वेगळा काढा. बाजू किती, तर रुंदी भागिले पाय, म्हणजे ३८२० पिक्सेल. ह्युजिनसोबत येणाऱ्या नोनाला ही फाइल द्या:

```
p f0 w3820 h3820 v90 n"TIFF_m"
i f4 w12000 h6000 v360 r0 p90 y0 n"pano.tif"
```

तळाऐवजी छत निघालं तर p90 चं p-90 करा.

या चौकोनात कॅमेरा फरशीला काटकोनात बघतो, म्हणून प्रत्येक टाइल सारख्याच मापाची दिसते. दीड मीटर उंचीला एक मीटर म्हणजे साधारण १२७३ पिक्सेल. तुमची टाइल २० सेंटिमीटरची आणि नक्षी दोन-दोन टाइल्सची असेल तर ती ५०९ पिक्सेलनी परत येते. बरोबर तेवढंच सरकवून क्लोन केलंत तर जोड सापडणार नाही. मात्र पॅनोरमा समतल नसेल तर एका बाजूच्या टाइल्स मोठ्या आणि दुसऱ्या बाजूच्या लहान निघतात, मग ५०९ चा आकडा कुठेच लागू पडत नाही.

डिचोलीकर
म्हणजे क्लोन चालतो. हे मान्य करायला एवढं लांब लिहिलंत.

चिरेबंदी
नव्या फरशीवर चालतो. ऐंशी वर्षं पाय पडलेल्या फरशीवर एका टाइलचा कोपरा उडालेला असतो, दुसरीवर गंजाचा डाग असतो. तोच डाग ५०९ पिक्सेलवर पुन्हा दिसला की खोटेपणा शेंबड्या पोरालाही कळतो.

भोंवर
हे सगळं जुन्या पद्धतीचं झालं. माझ्या दोन भिंगांच्या ३६० कॅमेऱ्यात काठी आपोआप गायब होते. तळ भरायचा प्रश्नच येत नाही.

चिरेबंदी
काठी गायब होते कारण ती दोन भिंगांच्या जोडाच्या मधल्या आंधळ्या पट्टीत मावते, तेवढी बारीक असते म्हणून. काठीखालचे तीन पाय त्या पट्टीच्या बाहेर येतात. काठी हातात धरलीत तर तुम्ही स्वतः येता. स्टँड लावून काढलेला तुमचाच एखादा फोटो उघडा आणि खाली बघा.

भोंवर
पाहिला. स्टँडचे पाय आहेत. पण लहान आहेत.

लाल_कोबा
टाइल्सचं ठीक. आमच्याकडे लाल ऑक्साइडची घोटलेली जमीन आहे, आरशासारखी. तुमची व्ह्यूपॉइंटची युक्ती नेमकी केली. रेघा जुळल्या, तडे जुळले, पण खिडकीची चमक अर्धी इकडे, अर्धी तिकडे. वर्तुळाच्या कडेला कापून काढल्यासारखी. पॉइंटचं अंतर सगळीकडे दोन पिक्सेलच्या आत, म्हणजे चूक माझी नाही.

डिचोलीकर
पोलरायझर लावा, चमकच जाईल.

चिरेबंदी
पोलरायझर इथे निरुपयोगी. तो प्रतिबिंब कापतो ते तिरकस कोनात, अशा घोटलेल्या जमिनीला साधारण ५५-५६ अंशांच्या आसपास. ट्रायपॉडखालच्या वर्तुळाकडे आपण शून्य ते १८ अंशांत बघतो. तिथे काच कितीही फिरवा, फरक नावालाच. शिवाय फेरीत पोलरायझर नव्हता आणि तळाला लावला, तर रंगाचा पट्टा दिसेल तो वेगळाच.

लाल_कोबा, चूक तुमची नाहीच. व्ह्यूपॉइंट दुरुस्ती धरून चालते की सगळं एकाच सपाट पातळीवर आहे. खिडकीचं प्रतिबिंब फरशीवर नसतं, खिडकी जेवढी वर तेवढंच ते फरशीच्या खाली असतं. कॅमेरा ६० सेंटिमीटर सरकला आणि खिडकी दोन मीटर उंचीवर असली तर चमक फरशीवर ३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे जवळपास ४३५ पिक्सेल. याच कारणाने १० सेंटिमीटर उंच पायरीची कडासुद्धा चार सेंटिमीटर, म्हणजे ५५ पिक्सेल चुकते. सॉफ्टवेअरने कितीही जोर लावला तरी एका फोटोत दोन पातळ्या बसत नाहीत.

उपाय एकच, कॅमेरा सरकवायचाच नाही. कॅमेऱ्याखाली ओळंबा सोडून फरशीवरची जागा टेपच्या बारीक तुकड्याने खुणवा. ट्रायपॉड मीटरभर बाजूला नेऊन आडव्या दांड्यावर कॅमेरा त्याच बिंदूवर, त्याच उंचीला टांगा. मागे वजनाला वाळूची पिशवी लावा, नाहीतर कॅमेरा आडवा. मग Viewpoint ची खूण नकोच, साधा फोटो म्हणून जोडा. फोटो घेण्याआधी टेप काढायला विसरू नका.

लाल_कोबा
आणि दांड्याचं प्रतिबिंब? ते तर बरोबर मधोमध येणार.

चिरेबंदी
येणार. कॅमेऱ्याचंही येणार. म्हणून दुसरा फोटो दांडा ९० अंशांनी फिरवून घ्या, कॅमेरा त्याच बिंदूवर ठेवून. पहिल्यात दांडा जिथे दिसतो तिथे दुसऱ्यातली जमीन वापरा. कॅमेऱ्याखालचा मुठीएवढा काळा ठिपका तेवढा क्लोन करा. तिथे चमक फारशी बदलत नाही, खपून जातं.

होमस्टे_३६०
वाचलं सगळं. ओळंबा, वाळूची पिशवी, आडवा दांडा! दिवसाला बारा खोल्या करायच्या असतात आमच्या, पात्रांव. तुम्ही एका खोलीत दुपार घालवा, पैसे कोण देतो ते सांगा. आणि लोगो गिऱ्हाईकच मागतं. स्वतःच्या होमस्टेचं नाव जमिनीवर दिसलं की खूश होतं.

डिचोलीकर
हेच तर मी म्हणत होतो.

शिलालेख
पैशांचं बाजूला ठेवा. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जमीनच मुळी थडग्यांच्या कोरीव शिळांची आहे, त्यावर नावं आणि कुलचिन्हं आहेत. तिथे तुमचा क्लोन ब्रश कुठे फिरवणार? शेजारच्या शिळेची अक्षरं ट्रायपॉडखालच्या शिळेवर आली तर ती माणसाच्या थडग्यावरची खोटी नोंद झाली. अशा जागी एकतर खरा फोटो, नाहीतर सरळ लोगो. लोगो निदान "इथे मला दिसलं नाही" एवढं प्रामाणिकपणे सांगतो.

होमस्टे_३६०
धन्यवाद! धाग्यात पहिल्यांदाच कोणीतरी लोगोला प्रामाणिक म्हटलं.

शिलालेख
तुमच्या बारा खोल्यांसाठी नाही म्हटलं. आणि संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, तुम्ही ती घेता का हा प्रश्न विचारतच नाही.

होमस्टे_३६०
विचारलात की!

चिरेबंदी
थडग्यांच्या बाबतीत शिलालेख यांचं बरोबर. माझ्या आधीच्या उत्तरात क्लोनला जी सवलत दिली ती तिथे लागू नाही. शिळा सपाट असेल तर हातात धरून घेतलेला फोटो चालेल. कोरीवकाम खोल असेल तर अक्षरांच्या कडा जराशा सरकतात, पण एक सेंटिमीटर खोलीला चूक चार मिलिमीटर, म्हणजे पाच पिक्सेल. तेवढं मास्कची कड शिळांच्या सांध्यावरून फिरवली की लपतं. अक्षराच्या मधून मात्र मास्क कधीही कापू नका.

होमस्टेवाल्यांना एवढंच, की साध्या फरशीच्या खोलीत हातातला फोटो एका मिनिटात होतो. बारा खोल्यांना बारा मिनिटं. लोगो लावायचाच तर खाली खरी जमीन भरून त्यावर लहान लावा. ट्रायपॉड झाकायच्या मापाचा कशाला?

होमस्टे_३६०
साध्या फरशीला करून बघतो. घोटलेल्या जमिनीला लोगोच, आणि मोठा.

लाल_कोबा
दांड्याने आज केलं. खिडकीची चमक जुळली. पण दुपारी चारला दारातून ऊन आत आलं, तर दांड्याची सावली वर्तुळाच्या बाहेर दोन-अडीच मीटर लांब गेली आणि फेरीतल्या ट्रायपॉडची सावली वेगळ्याच जागी. आता या दोन सावल्यांचं काय करू?

चिरेबंदी
ऊन ३० अंशांवर असलं की दीड मीटरच्या वस्तूची सावली २.६ मीटर पडते, ती तळाच्या वर्तुळात मावणारच नाही. फेरी सावलीच्या वेळी काढा. नाहीतर दाराला पडदा.

डिचोलीकर
पडद्याचं प्रतिबिंब जमिनीत येईल ना बाब.