मदत हवी आहे: मीटर बरोबर रेषेवर दाबतोय तरी बॉल दरवेळी उजवीकडेच का जातो?

टप्पाआउट

मंडळी मदत करा, वैतागलोय. गोल्फ गेम खेळतो, जुना तीन-क्लिकवाला प्रकार, म्हणजे पहिल्या क्लिकला पट्टी सुटते, दुसऱ्याला पॉवर ठरते आणि पट्टी परत येताना रेषेवर तिसरा क्लिक. आधी छान चालायचं, आता मोठा टीव्ही घेतल्यापासून ड्रायव्हर मारला की बॉल उजवीकडे रफमध्ये. अगदी रेषेवर दाबतो हो, पण क्लिकची खूण रेषा ओलांडून पुढेच पडलेली दिसते. वेजने मारलं तर तितकं जाणवत नाही आणि पट तर मस्त जातात. टेनिस गेममध्येही तसंच, साधे शॉट ठीक, पॉवर शॉट मारला की "लेट". गेम मुद्दाम रँडम चूक घालतो का? की माझा हातच गेला?

निवांत गडी

घालतात की रँडम. तुझ्या खेळाडूचा कंट्रोल कमी असेल, लेव्हल वाढव, आपोआप सरळ जाईल.

मधली रेघ

गडी, अर्धं बरोबर आहे तुझं. रफमधून किंवा वाळूतून मारताना बरेच गेम थोडं नशीब मिसळतात, आणि कंट्रोल वाढवला की परफेक्टचा पट्टा रुंद होतो. पण नशिबाने बॉल दोन्हीकडे जायला पाहिजे ना, याचा एकाच बाजूला जातोय.

टप्पाआउट, एक सांग, पॉवर पण ठरवल्यापेक्षा जास्त लागते का? म्हणजे ८० टक्क्यांवर थांबवायची ठरवली तर कुठे थांबते?

टप्पाआउट

अरे हो! ८८-९० च्या आसपास जाते. मला वाटलं मीच घाई करतोय.

मधली रेघ

घाई केली असतीस तर ८० च्या आतच थांबली असती. तू उशीर करतोयस, किंवा खरं म्हणजे टीव्ही तुला उशिरा दाखवतोय. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करत बसतो, त्यामुळे तुला पट्टी रेषेवर दिसते तेव्हा गेमच्या हिशेबात ती कधीच पुढे गेलेली असते. गेम तुझ्या डोळ्याला काय दिसलं ते विचारत नाही, बटण कुठल्या क्षणी पोचलं तेवढंच बघतो.

आता हिशेब बघ. मी हौशी म्हणून असलं मीटर स्वतः बनवलंय, त्यातले आकडे घेतो, तुझ्या गेमचे वेगळे असतील. पट्टी शून्यापासून शंभरपर्यंत एका सेकंदात चढते आणि तेवढ्याच वेळात उतरते. टीव्हीचा उशीर ९० मिलिसेकंद धरला तर पॉवर सरळ ९ टक्क्यांनी जास्त, म्हणजे तुझे ८० चे ८९, जुळतंय ना? परत येताना तोच उशीर. सेकंदाला ६० फ्रेम असतात, एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, म्हणून ९० म्हणजे पाच फ्रेम आणि वर थोडं. माझ्या मीटरमध्ये परफेक्ट पट्टा तीन फ्रेमचा आहे, रेषेवरची एक आणि दोन्हीकडे एकेक. म्हणजे तू पट्ट्याच्या चार फ्रेम बाहेर पडलास, आणि मी बाहेरच्या प्रत्येक फ्रेमला एक अंश वळवतो, तर झाले ४ अंश.

४ अंश ऐकायला काहीच नाही, पण बॉल २२० मीटर गेला तर तो मधल्या रेषेपासून जवळजवळ १५ मीटर बाजूला पडतो, म्हणजे ३० मीटर रुंद फेअरवेच्या काठावर, आणि गेमने वर थोडा स्लाइस लावला तर थेट रफ. वेजने ६० मीटर मारताना तेच ४ अंश फक्त ४ मीटर होतात, ग्रीन मोठं असेल तर तू म्हणणार चांगला पडला. चूक तीच, अंतराने ती मोठी दिसते.

पटचं म्हणशील तर बऱ्याच गेममध्ये पटला दिशेची चूक धरतच नाहीत, नुसती पॉवर धरतात. धरली असती तर ३ मीटरच्या पटला ४ अंश म्हणजे २१ सेंटीमीटर चूक, आणि खऱ्या गोल्फचं होल जेमतेम १०.८ सेंटीमीटर रुंद असतं, तू एकही पट घातला नसतास.

रिमोटवाला

माझंपण असंच होतं पण मी स्टिकने खेळतो, पीजीए टूर २के२१, स्टिक सरळ खाली ओढून वर ढकलतो तरी बॉल डावीकडे. माझापण टीव्हीच का? गेम मोड लावला, काही फरक नाही.

मधली रेघ

नाही रे, तुझं वेगळं आहे. त्यात रेषेवर क्लिक नसतो, स्टिकची वाट किती सरळ आणि लय किती जमली ते बघतात, टीव्ही उशिरा दाखवत असला तरी तुझ्या अंगठ्याची वाट वाकडी होत नाही. वर ढकलताना अंगठा नकळत तिरका जातो बहुतेकांचा. सरावाच्या स्क्रीनवर वाटेची रेघ दिसते ती बघ. स्टिक मोकळी सोडूनही कर्सर आपोआप सरकत असेल तर मात्र कंट्रोलर गेला.

बॅकहँड

टेनिसचं मी सांगतो, सोपं आहे, बटण जितकं लवकर तितकं चांगलं. बॉल यायच्या खूप आधी धरून ठेवायचं, लेटचा प्रश्नच नाही.

मधली रेघ

व्हर्चुआ टेनिसमध्ये हे अगदी खरं आहे, तिथे जागेवर आधी पोचून लवकर दाबलं की जोरदार शॉट बसतो, बटणाचा नेमका क्षण मोजत नाहीत, तयारीचा वेळ मोजतात. पण टॉपस्पिन २के२५ मध्ये पॉवर शॉटला बटण धरून मीटर भरायचं आणि बॉल रॅकेटला येण्याच्या बेताला सोडायचं, तिथे सोडण्याचा क्षणच सगळं ठरवतो. लवकर धरलंस आणि सोडायला चुकलास तर गेलंच. टप्पाआउट, तुझा कुठला?

टप्पाआउट

सोडायचा प्रकार आहे.

मधली रेघ

मग जुळलं. साध्या शॉटची खिडकी रुंद असते, त्यात ९० मिलिसेकंद खपून जातात, फार तर "गुड" येतं. पॉवर शॉटची खिडकी अरुंद, तिथे तोच उशीर बाहेर पडतो. शिवाय गोल्फमध्ये पट्टीचा वेग कायम असतो म्हणून हात हळूहळू जुळवून घेतो, टेनिसमध्ये बॉलच मीटर आहे आणि तो दरवेळी वेगळ्या वेगाने येतो.

पडताळून बघायचं तर मोबाईलचा स्लोमोशन लाव, २४० फ्रेमवाला, बटण आणि स्क्रीन एकाच चित्रात घे, आणि बोट दाबल्यापासून पट्टी थांबलेली दिसेपर्यंतच्या फ्रेम मोज. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंद. यात कंट्रोलर आणि गेमचा स्वतःचा उशीरही येतो, म्हणून टीव्हीचा गेम मोड बंद आणि चालू असं दोनदा मोज, फरक तो टीव्हीचा. आणि कानाने टायमिंग धरत असशील तर ब्लूटूथ हेडफोन काढ, आवाजही मागे पडतो.

टप्पाआउट

केलं. बंद असताना ३२ फ्रेम, चालू केल्यावर १४. ड्रायव्हर सरळ जायला लागला, उलट आता लवकर दाबतोय, खूण रेषेच्या अलीकडे पडते, जुनी सवय लागलीय बहुतेक.

टेनिसला मात्र ऑनलाइन खेळताना अजून लेट येतंय, कॉम्प्युटरविरुद्ध नाही. याला काय करायचं?

मधली रेघ

१८ फ्रेमचा फरक म्हणजे ७५ मिलिसेकंद टीव्हीचे होते. हात दोनचार राउंडमध्ये बसेल, पट्टीकडे बघत लय धर, रेषेची वाट बघून दाबू नकोस.

ऑनलाइनचा उशीर नेटचा, आणि तो समोरच्याप्रमाणे बदलतो, त्यामुळे एकच माप लावून ठेवता येत नाही. केबलने जोडून बघ, नाहीतर पॉवर शॉट सोपा बॉल आला तरच मार.

निवांत गडी

केबल लावून बघितलीय मी, माझ्याकडे काडीचा फरक नाही. कोणाला पडला का?