काकूंची पर्स गेली: आपल्या ग्रुपवरचं मंगळवारचं बोलणं

कुलकर्णी काकू, बी-304 (6:48)
कुणी आहे का? मंडईतून बसने येताना पर्स मारली. स्टेट बँकेचं कार्ड त्यात होतं. फोन हातात होता म्हणून वाचला. आत्ताच 1,850 रुपये गेल्याचा मेसेज आलाय. पोलिसांत जाऊ का? बँक तर बंद झाली असणार.

नेहा, ए-102 (6:49)
काकू, थांबा, गूगलवर कस्टमर केअरचा नंबर मिळालाय, टाकते.

देसाई काका, सी-201 (6:49)
नेहा, तो टाकू नकोस बाळा. असे शोधून मिळणारे नंबर कित्येकदा भामट्यांचे असतात, ब्लॉक करून देतो म्हणत ओटीपी काढून घेतात. वहिनी, पोलीस नंतर, आधी कार्ड ब्लॉक. बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवरून 567676 ला हा मेसेज पाठवा, 1234 च्या जागी तुमच्या कार्डाचे शेवटचे चार अंक:

```
BLOCK 1234
```

कुलकर्णी काकू (6:50)
अंक कुठे पाठ आहेत भाऊजी, आणि कार्डच गेलंय!

देसाई काका (6:51)
आत्ता आलेला तो 1,850 चा मेसेज उघडा. त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक दिसतील. नाही सापडले तर 1800 1234 ला फोन लावा.

कुलकर्णी काकू (6:55)
सापडले. पाठवला. ब्लॉक झाल्याचा मेसेज आला, तिकीट नंबर आणि वेळ आहे त्यात.

देसाई काका (6:55)
तो पुसू नका. ती वेळच तुमचा पुरावा.

अमोल, बी-101 (6:57)
पण काका, पिन माहीत नसताना 1,850 गेले कसे?

देसाई काका (7:02)
कार्ड मशीनला नुसतं टेकवून 5,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात. म्हणून चोर आधी दुकानात जातो. आणि ब्लॉक म्हणजे कार्डात काही बिघाड होत नाही. कुठेही कार्ड लावलं की मशीन बँकेच्या सर्व्हरला विचारतं, पैसे देऊ का? तिथे आता त्या नंबरापुढे ‘हरवलेलं’ अशी खूण पडली आहे, म्हणून उत्तर ‘नाही’ येतं. फक्त कार्ड बंद झालंय, खातं नाही. वहिनींची पेन्शन जमा होईल, यूपीआय चालेल, चेक वटतील.

नेहा (7:04)
मग ॲपमध्ये कार्ड ऑन-ऑफ करायचं बटण असतं ते?

देसाई काका (7:07)
ते कार्ड घरातच कुठेतरी असेल असं वाटतं तेव्हा. सापडलं की परत चालू करता येतं. पण ते बटण दाबणं म्हणजे कार्ड हरवल्याची बँकेला दिलेली खबर नव्हे. पर्स मारलीय तर थेट कायमचं ब्लॉक. ते उलटत नाही, नवीन कार्ड नव्या नंबराचं येतं. उद्या पर्स परत मिळाली तरी जुनं कार्ड चिपमधूनच कापून टाका.

कुलकर्णी काकू (7:09)
भाऊजी, एक सांगायचं राहिलं. पिन लिहिलेली चिठ्ठी कार्डाच्या कव्हरातच होती.

देसाई काका (7:10)
म्हणूनच घाई करत होतो, वहिनी.

कुलकर्णी काकू (7:13)
अरे देवा! आत्ता मेसेज आला, एटीएमवर 10,000 चा व्यवहार नाकारला.

अमोल (7:14)
18 मिनिटांनी वाचले!

देसाई काका (7:22)
हेच समजून घ्या सगळ्यांनी. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे. आपल्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, म्हणजे पिन लिहून ठेवला किंवा कुणाला सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. हे 10,000 जर 6:54 ला निघाले असते तर वहिनींना परत मागणं फार कठीण गेलं असतं. 6:55 नंतर निघाले असते तर बँकेने भरले असते.

आता ते 1,850. ते पिनशिवाय गेलेत, चिठ्ठीचा संबंध नाही. पण नुसतं ब्लॉक करून ते परत येत नाहीत, ‘हा व्यवहार माझा नाही’ अशी वेगळी तक्रार करावी लागते. आपली चूक नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लावले तर साध्या बचत खात्यात 10,000 पर्यंतचा भार आपल्यावर येऊ शकतो. तक्रारीनंतर बँकेने कामाच्या 10 दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते, निकाल 90 दिवसांत. आत्ताच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 लाही फोन करा.

नेहा (7:25)
काका, फोनही गेला असता तर?

देसाई काका (7:29)
तर कार्डाबरोबर सिमही लगेच बंद करायचं, दुसऱ्याच्या फोनवरून. कारण कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदतीची तारीख आणि सिमवर येणारा ओटीपी यावर यूपीआयचा पिन नव्याने लावता येतो. काही बँका कार्डाचा पिनही विचारतात, पण तोही चिठ्ठीवर असेल तर तो अडसरही उरत नाही.

कुलकर्णी काकू (7:34)
1930 ला लागला फोन. त्यांनी व्यवहाराची वेळ आणि रक्कम लिहून घेतली, तक्रार क्रमांक दिला.

नेहा (7:35)
काकू, उद्या दहाला मी येते तुमच्याबरोबर शाखेत. अर्जात दोन्ही क्रमांक घालू.