मदत हवी आहे : तुटलेला रॅम्प आणि अडलेला पदपथ, तक्रार अर्ज एक की दोन?

आमच्या चौकातील पदपथाच्या रॅम्पची खालची कड तुटून वीतभर खड्डा पडला आहे आणि वर चढल्यावर भाजीच्या हातगाड्यांमुळे वाट इतकी अरुंद होते की, आईची चाकाची खुर्ची भर रहदारीच्या रस्त्यावर उतरवावी लागते. दुरुस्ती पथ विभागाकडे आणि हातगाड्या अतिक्रमण विभागाकडे येत असल्याने, क्षेत्रीय कार्यालयात एकच अर्ज दिल्यास तो दोघांमध्ये फिरत राहील, अशी भीती वाटते. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 चा उल्लेख करून 1:12 उताराची मागणी करणार आहे. विक्रेत्यांचे पोट त्या जागेवर असल्याने त्यांना हटवण्याऐवजी खुर्चीपुरती वाट मोकळी ठेवण्याची विनंती कोणत्या शब्दांत करावी? अनुभवींनी कृपया मसुदा सुचवावा.