मदत हवी आहे: जोते तपासणी राहून गेली, आता भोगवटा प्रमाणपत्र कसं मिळेल?

घर बांधून झालंय, रंगाचा शेवटचा हात तेवढा बाकी आहे. मंजुरीच्या वेळी सातबारा, मोजणीचा नकाशा, बिनशेती आदेश, मालमत्ता कराची पावती आणि आर्किटेक्टने सही केलेले नकाशे दिले होते. बांधकाम परवानगी विनात्रास मिळाली. घोळ पुढे झाला.

परवानगीपत्रात अट होती की जोत्यापर्यंत काम झालं की कळवून तपासणी करून घ्यायची, मगच वर चढायचं. ठेकेदार म्हणाला, "नंतर बघू." आम्हीही पावसाच्या घाईत मान डोलावली. आता भोगवट्यासाठी आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र, ड्रेनेज जोडणीचा कागद सगळं तयार आहे, पण जोत्याचाच दाखला नाही.

त्यात जिना मंजूर नकाशापेक्षा दोन फूट बाजूच्या मोकळ्या जागेत सरकलाय. आर्किटेक्ट म्हणतात, आहे तसा सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्या. पण सामासिक अंतर कमी भरलं तर तो मंजूर होईल का, की जिना तोडावाच लागेल?

असं कुणाचं झालंय का? जोत्याच्या दाखल्याऐवजी काय मागितलं, दंड भरून काम झालं का? सामान हलवायची तारीख ठरलीय, म्हणून विचारतोय.