तो त्याच्या बाकीच्या डेट्सबद्दल मला सांगतो आणि माझं मत विचारतो. याचा अर्थ काय घ्यायचा?

अबोली३२

मी ३२ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. दोन महिन्यांपूर्वी डेटिंग ॲपवर एका मुलाशी ओळख झाली, आतापर्यंत पाच वेळा भेटलो. पहिल्याच भेटीत त्याने सांगितलं होतं, की तो आणखी दोघींना भेटतोय. ते मला चाललं, उलट सरळपणा आवडला.

तिसऱ्या भेटीत चहा पिताना त्याने फोन माझ्याकडे वळवला. राजगडावरचा एका मुलीचा फोटो होता. "हिला ट्रेकिंग आवडतं, पण घरी एकदम शुद्ध शाकाहारी. जमेल का गं माझं?" मी हसून "जमेल की" म्हटलं. चहा मात्र तसाच राहिला. नंतर एका रविवारी रात्री ११ वाजता मेसेज आला: "आज जिला भेटलो ती छान आहे, पण सगळा वेळ ऑफिसचंच बोलत होती. परत भेटू का?" मी लिहिलं, "भेट की." त्याने अंगठा पाठवला. मला झोप लागली नाही.

याच मुलाने सिंहगडावरून उतरताना माझा हात धरला होता, आणि गाडीतळापर्यंत सोडला नव्हता. "तुझ्याशी बोलताना मोकळं वाटतं" असंही म्हणतो. मी त्याच्यासाठी नक्की कोण आहे?

रानवारा

तुला जळवतोय, दुसरं काही नाही. तूही एखाद्या मुलाबद्दल रंगवून सांग. दोन दिवसांत कळेल.

सुमनताई

अगं, लग्नाचं बोलणं चालू असताना बाकीच्या मुली बघतो म्हणजे फसवणूकच. घरच्यांच्या कानावर घाल आणि विषय संपव.

अबोली३२

सुमनताई, लग्नाचं बोलणं नाहीये, आणि त्याने लपवलेलंही काही नाही. मीही मागच्या महिन्यात एकाला भेटले होते. तो इतरांना भेटतो हे मला खुपत नाही. मला मत विचारतो, ते खुपतं.

निशिगंध

अबोली, तू शेवटच्या वाक्यात बरोबर जागेवर बोट ठेवलंस. सांगणं वेगळं आणि विचारणं वेगळं. "मी आणखी कोणाला भेटतोय" हे एकदा सांगितलं की पुरतं, कारण ते तुझ्यासाठी असतं. थांबायचं की निघायचं, हे त्यावरून तुला ठरवता येतं. पण "ती मला जमेल का" हा प्रश्न त्याच्या सोयीचा. तो विचारला की तू समोरच्या खुर्चीतून उठून त्याच्या शेजारी, मैत्रिणीच्या खुर्चीत जाऊन बसतेस. कांदेपोह्यांच्या काळातही एका महिन्यात चार स्थळं बघायचेच लोक, पण दुसऱ्या मुलीला पहिलीबद्दल कोणी विचारत नसे. तो सल्ला बहिणीचा नाहीतर वहिनीचा.

रानवारा म्हणतात तसं जळवणं असू शकतं. पण जळवणारा माणूस सांगून झाल्यावर तुझ्या चेहऱ्याकडे बघतो, तू गप्प झालीस की तोच विषय पुन्हा काढतो. उत्तर मिळाल्यावर अंगठा पाठवून झोपत नाही. तीन गोष्टी सांग. तू त्या दुसऱ्या मुलाबद्दल बोललीस तेव्हा याने काय केलं? पाच भेटींपैकी किती त्याने ठरवल्या? आणि राजगडवालीला तू "नको" म्हणाली असतीस, तर त्याने ऐकलं असतं असं वाटतं का?

अबोली३२

त्या मुलाबद्दल सांगितलं तेव्हा तो खूशच झाला. "अरे वा, फोटो दाखव ना!" म्हणाला, मग कुठे राहतो, काय करतो, सगळं विचारलं. थोडासाही खट्टू झाला नाही. ते घरी येताना मला फार लागलं.

भेटी: पहिल्या दोन त्याने ठरवल्या, नंतरच्या तिन्ही मी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही.

निशिगंध

मग माझं वाचन असं. तू त्याला आवडतेस, पण जवळची मैत्रीण म्हणून, आणि हा बदल दुसऱ्या भेटीनंतर केव्हातरी झालाय. त्याने मुद्दाम केलं असेल असं नाही. भेट ठरवणं त्याने थांबवलं आणि सल्ला विचारणं सुरू केलं, हे साधारण एकाच वेळी घडलंय. मला या सगळ्यात तेच सगळ्यात बोलकं वाटतं. हात धरण्याची गोष्ट मी खोटी म्हणत नाही, पण ती एका संध्याकाळची. पुढच्या शनिवारचं काय ते त्यातून कळत नाही.

वैनगंगा

मी पुरुष आहे, नागपूरचा, आणि मी हेच केलं होतं. मला जी आवडायची तिलाच दुसऱ्या मुलीबद्दल विचारायचो. जळवायचं नव्हतं. "तू मला आवडतेस" हे तोंडातून निघत नव्हतं, म्हणून वाटायचं, ती म्हणेल "नको भेटूस तिला" आणि मला उत्तर मिळेल. ती मात्र मन लावून सल्ला द्यायची, कुठला शर्ट घालू तेसुद्धा. मी समजलो, हिला माझ्यात रस नाही. तीन वर्षांनी कळलं की तीही रात्री जागायची.

तुमचं "भेट की" त्याने कसं वाचलं असेल, याचा जरा विचार करा.

निशिगंध

वैनगंगा, तुमचं पटतं, पण तुम्ही तिचं उत्तर ऐकून आतून हललात. हा दुसऱ्या मुलाचा फोटो बघायला मागतो. तरीही तुमच्या मुद्द्यामुळे एक गोष्ट पक्की होते: अबोलीने आजवर एकदाही खरं उत्तर दिलेलं नाही, त्यामुळे त्याच्याकडून कळलेलं सगळं अर्धवट आहे.

अबोली, पुढच्या वेळी विचारलं की मत देऊ नकोस. एवढंच म्हण: "मला तू आवडतोस, म्हणून बाकीच्यांबद्दल मी सल्ला देऊ शकत नाही." मेसेजवर नको, समोर बसून. त्यानंतर दोन आठवडे बोलण्यापेक्षा वागण्याकडे बघ. विषय बंद करून पुढची भेट त्याने स्वतः दिवस-वेळेसकट ठरवली, तर वैनगंगा बरोबर. "अगं, आपली मैत्री किती छान आहे" म्हणाला, तर उत्तर मिळालंच. आणि गोड बोलून चार दिवसांनी पुन्हा फोटो दाखवला, तर त्याला दोन्ही हवंय, त्याची किंमत मात्र तुझ्या झोपेने भरायची.

केतकी_

कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. त्या राजगडवाल्या मुलीला माहीत आहे का, की तिचा फोटो आणि तिच्या घरचं खाणंपिणं तिसऱ्याच मुलीसमोर ठेवलं जातंय? तुझ्याबद्दलही तो तिला विचारत असेल. मला हे जास्त खटकतं.

अबोली३२

केतकी, हे वाचून पोटात गोळा आला. मी हा विचारच केला नव्हता.

काल भेटलो. फोटो नव्हता या वेळी, पण "त्या ऑफिसवालीला परत भेटलो, सांगू का?" म्हणाला. मी निशिगंधचं वाक्य जवळजवळ तसंच बोलले, आवाज कापत होता. तो बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं तुला चालतंय. तू तर दर वेळी हसायचीस." मी विचारलं, "आणि माझ्याबद्दल तू कोणाला विचारतोस?" त्यावर "तुझ्याबद्दल विचारावंसं कधी वाटलं नाही" असं म्हणाला. हे वाक्य मी काल रात्रीपासून दोन्ही बाजूंनी वाचतेय.

निघताना "बोलू" म्हणाला. दिवस ठरवला नाही. या वेळी मीही नाही ठरवला.

वैनगंगा

नका ठरवू. आणि इथे कळवा.