वाटीत भाजलेलं अंडं: बाहेर नेमकं कधी काढता?

छोट्या वाटीत अंडं फोडून ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये भाजणारे बरेच जण आहेत, पण वेळ विचारली की सहा मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंत काहीही उत्तर येतं. गंमत म्हणजे ज्याच्या-त्याच्या घरी ते बरोबरच असतं. म्हणून हा धागा. वाटी कसली, अंडं फ्रिजमधलं की बाहेर ठेवलेलं, झाकता की उघडंच, आणि मुख्य म्हणजे काय बघून बाहेर काढता, ते लिहा. पांढरं सगळं धरलेलं आणि बलक वाहता, असं मला हवं असतं.

सुरुवात मीच करते. चिनी मातीची जाड वाटी, आतून लोणी लावलेली. बाहेर ठेवलेलं एक अंडं, त्यावर चमचाभर क्रीम, पण पांढऱ्यावर, बलक उघडा. ओव्हन 180 अंशांवर तापलेला. खोलगट ट्रेमध्ये वाट्या ठेवून त्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत कढत पाणी ओतते. दहाव्या मिनिटाला कडा पांढऱ्या होतात, पण बलकाभोवती काचेसारखं पारदर्शक कडं असतं. बाराव्याला ते दुधाळ होतं. तेराव्याला वाटी हलवली की कडा स्थिर आणि मधला भाग एकसंध थरथरतो. तेव्हा काढते. मग दोन मिनिटं हात लावत नाही, कारण तापलेली वाटी आत काम करतच राहते.

खमंग
माझा हिशेब सोपा आहे. एअर फ्रायर 180 वर, सहा मिनिटं, संपलं. स्टीलची वाटी, अंडं थेट फ्रिजमधून. वरून बघताना सुरेख दिसतं. बलकावर जरा कातडं येतं आणि तळाला पांढरं थोडं पातळ राहतं, पण पावाला लावून खायचं तर चालतंय की.

तव्यावरची_माशी
खमंग दादा, तुम्ही जे 'चालतंय' म्हणताय तीच तर खरी अडचण आहे. बलक साधारण 65 अंशांना घट्ट व्हायला लागतो आणि 70 च्या आसपास धरतो. पांढऱ्याचं वेगळं. ते साठीच्या थोडं पुढे दुधाळ व्हायला लागतं, पण त्यातलं मुख्य प्रथिन पुरतं घट्ट व्हायला 80 च्या आसपास जावं लागतं. म्हणजे जे उशिरा धरतं ते आधी तापवायचं आणि जे लवकर धरतं ते वाचवायचं. ओव्हनमध्ये पाण्यात ठेवलेल्या वाटीला हे जमतं, कारण उष्णता भिंतीकडून आणि तळाकडून आत येते आणि बलक मधोमध सुरक्षित असतो. एअर फ्रायरमध्ये गरम वारा वरून आदळतो. बलक वर तरंगत असतो, त्यामुळे मार पहिला त्यालाच.

मी एअर फ्रायरमध्ये 160 वर ठेवते, आणि वाटीवर फॉइल घट्ट दुमडून लावते. सैल राहिली तर पंख्याने उडून वरच्या कॉइलला चिकटते, हे लक्षात असू द्या. चिनी मातीच्या वाटीला आठ मिनिटं झाकून, मग फॉइल काढून बघायचं. बलकावर साईसारखा पातळ पडदा आला असेल तर वरचं पांढरं झालं. खालचं बघायला टूथपिक बलकाला अगदी लागून, तिरपी, तळापर्यंत घालायची. तार ओढली गेली तर कच्चं. स्वच्छ निघाली की झालं. नाहीतर पुन्हा झाकून एकेक मिनिट. फ्रिजमधलं अंडं असेल तर दोन-तीन मिनिटं जास्त धरा.

सोनचाफा४
मी एअर फ्रायरमध्येच करते, 135 अंश, पंधरा मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. कवच छान सुटतं. वाटी कशाला हवी? एक भांडं कमी.

धागाकर्ती
सोनचाफा ताई, ती कवचासकट अंडी झाली, उकडलेल्याला पर्याय. इथे फोडून वाटीत घातलेल्याबद्दल चाललंय. पण राहू दे, कुणाला तरी उपयोगी पडेल.

उकळतं_आधण
पाणी ठेवलं की वाफेने अंडं लवकर होतं, हे कुणी लिहिलंच नाही. एअर फ्रायरच्या टोपलीखाली कपभर पाणी ओता, बघा फरक.

तव्यावरची_माशी
वाफेने वरचा भाग कोरडा पडत नाही, इतकं बरोबर. लवकर मात्र नाही, उशिराच होतं. पाणी शंभर अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून पाण्यात बुडालेली भिंत भाजली जात नाही आणि कडेचं पांढरं रबरासारखं होत नाही. तो फायदा आहे, वेगाचा नाही. आणि टोपलीखालचं पाणी वाटीला शिवतच नाही, मग ते काम होणार कसं? आपल्या यंत्राचं माहितीपत्रक पाहिल्याशिवाय तिथे पाणी ओतू नये.

उकळतं_आधण
माझ्याकडे तरी लवकर होतं.

नवा_संसार
बायको गरोदर आहे, तिला वाहता बलक नको असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण तिला हाच प्रकार आवडतो. पूर्ण शिजवलं की चामट होतं. काही उपाय?

तव्यावरची_माशी
बलक फोडून पांढऱ्यात हलकाच फिरवा आणि दोन चमचे दूध घाला. मग दोघांना वेगळं सांभाळायची गरजच उरत नाही. 160 वरच ठेवा, वाढवू नका. मधोमध थर्मामीटर 71 अंश दाखवेल तेव्हा काढा. थर्मामीटर नसेल तर मध्यभागी सुरी घालून बघा, ओलं काही चिकटता कामा नये. लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांच्यासाठीही असंच. अख्खा बलक ठेवून पार कडक करायचं म्हटलं तर त्याभोवती हिरवट कडा येऊ शकते. ती दिसते वाईट, अपाय काही नाही.

रविवारची_न्याहारी
मी तळाला टोमॅटोचा रस्सा घालते, वर अंडं. कितीही वेळ ठेवलं तरी बलकाभोवती पाणी दिसतं. कच्चं समजून परत आत ढकलायचं, की बलक गोटी झालाच म्हणून समजा.

धागाकर्ती
ते टोमॅटोचं पाणी असणार. चमचा टेकवून बघ: कच्चं पांढरं चमच्याला ओढलं जातं, पाणी नुसतं ओघळतं. रस्सा आधी आटवून घे, चमचा फिरवल्यावर तळ क्षणभर दिसेल इतका. आणि गरम असतानाच वाटीत घाल. गार रश्श्यावर अंडं घातलं की तळ तापेपर्यंत वरचं होऊन जातं. पालकाचंही तसंच, पिळून घे.

खमंग
160 वर, फॉइल लावून केलं. स्टीलच्या वाटीत सातव्या मिनिटालाच झालं, तळासकट. मान्य. पण सिलिकॉनच्या कपात याच वेळात निम्मं कच्चं. तो कप उष्णताच घेत नाही वाटतं.

तव्यावरची_माशी
सिलिकॉन सावकाश तापतं, खरंय. त्यात मी करत नाही, त्यामुळे वेळ सांगू शकत नाही.

रविवारची_न्याहारी
चार वाट्या एकदम ठेवल्या तर मागच्या दोन आधी होतात. मध्ये फिरवून ठेवता का कुणी, की दोन-दोनच करता?

धागाकर्ती
मी दोन-दोनच. वाट्यांमध्ये बोटभर तरी जागा हवी, वारा फिरायला. फिरवून ठेवणाऱ्यांनी लिहा.